बिलाची तारीख, कामाची तारीख, देय तारीख : जीएसटी नेमका कोणत्या महिन्यात भरायचा? (माझा अनुभव)

कारखान्यांत देखभाल-दुरुस्तीची कामं घेणाऱ्या छोट्या कंत्राटदारांचं जीएसटीचं काम मी बघतो. या कामात माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो बिलावरच्या तारखेपायी. मोठ्या कंपनीत बिल घेऊन गेलं की तिथला अकाउंट्स विभाग सांगतो, "मागच्या तारखेचं बिल चालत नाही, आजची तारीख टाकून आणा." कंत्राटदाराला पैसे हवे असतात, तो मुकाट्यानं तारीख बदलतो. त्या बदललेल्या तारखेनं कर मागच्या महिन्यात जाऊन बसतो, त्यावर व्याज लागतं, आणि हे त्याला कळतं ते वर्ष-दोन वर्षांनी नोटीस आल्यावर. असंच एक बिल मागच्या वर्षी माझ्या हातून गेलं. तारीख न बदलता ते पास करून घेतलं, पण त्यासाठी फार डोकेफोड झाली. ते सगळं प्रकरण आकड्यांसकट इथे मांडतो.

काम होतं एका एअर कॉम्प्रेसरच्या ओव्हरहॉलिंगचं. सुटे भाग कंपनीनेच दिले होते, म्हणजे आमच्या बाजूनं ही निव्वळ सेवा. मजुरी २,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के म्हणजे ३६,००० रुपये कर; दोघंही महाराष्ट्रातले, म्हणून १८,००० केंद्राचा आणि १८,००० राज्याचा. कंपनीनं २८ फेब्रुवारी २०२५ ला ५९,००० रुपये आगाऊ दिले. १२ मार्चला मशीन चालू करून दिलं आणि त्याच दिवशी कंपनीच्या मेंटेनन्स इंजिनिअरनं सर्व्हिस रिपोर्टवर सही केली. बिल ९ एप्रिलला काढलं. उरलेली रक्कम ३० दिवसांत देय असल्याचं बिलावर छापलेलं होतं.

आता या तारखांपैकी करासाठी कोणती धरायची? सेवेच्या बाबतीत सीजीएसटी कायद्याचं कलम १३ हे ठरवतं. बिल मुदतीत काढलं असेल तर बिलाची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, यांत जी आधीची ती. बिल मुदतीत काढलं नसेल तर सेवा पुरवल्याची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, यांत जी आधीची ती. आणि मुदत म्हणजे सेवा पुरवल्यापासून ३० दिवस. ती नियम ४७ मध्ये दिली आहे. सगळी गोम या मुदतीत आहे. मुदत पाळली तर बिलाची तारीख राज्य करते. एक दिवस जरी चुकली तरी बिलाच्या तारखेला काही किंमत उरत नाही आणि मामला थेट काम झाल्याच्या तारखेवर जातो.

आमच्या कामाची मुदत १२ मार्चपासून ३० दिवस, म्हणजे ११ एप्रिलपर्यंत. बिल ९ एप्रिलचं, मुदतीच्या आत. म्हणून कर एप्रिलचा. काम मार्चमध्ये झालं म्हणून कर मार्चचाच, असा समज पुष्कळांचा असतो आणि तो चुकीचा आहे. हिशेबाच्या वहीत हे उत्पन्न मार्चमध्येच धरायचं, कारण काम मार्चमध्ये पूर्ण झालं. जीएसटी मात्र एप्रिलमध्ये. दोन्ही एकाच वेळी बरोबर असतं. फक्त ताळमेळाच्या कागदावर 'न काढलेल्या बिलाचं उत्पन्न' अशी एक ओळ ठेवायची, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

आगाऊ रकमेचं मात्र वेगळं. सेवेसाठी पैसे आधी आले की तेवढ्या भागापुरता कर पैसे आल्याच्या महिन्यात लागतो. ५९,००० रुपयांत कर धरलेला आहे, म्हणून त्याचे दोन भाग होतात : ५०,००० मूळ रक्कम आणि ९,००० कर. हे ९,००० फेब्रुवारीच्या ३बी या कर भरायच्या विवरणपत्रात, २० मार्चच्या आत भरले. विक्रीचा तपशील द्यायच्या जीएसटीआर-१ च्या तक्ता ११ए मध्ये ते दाखवले आणि कंपनीला रिसीट व्हाउचर दिलं. एप्रिलमध्ये पूर्ण ३६,००० चं बिल दाखवलं आणि ११बी मध्ये ते ९,००० वळते केले. एप्रिलला उरले २७,०००. इथवर कुठेच काही अडलं नाही.

अडलं ते कंपनीच्या खिडकीवर. बिल ९ तारखेला ईमेलनं पाठवलं होतं, छापील प्रत दुसऱ्या दिवशी दिली. प्रत परत आली. कारण असं सांगितलं की त्यांच्या सिस्टीममध्ये सर्व्हिस एन्ट्री झालेली नाही. काम घेणाऱ्या विभागानं 'काम मिळालं' अशी नोंद सिस्टीममध्ये करायची असते आणि वरच्या साहेबांनी ती मंजूर करायची असते. साहेब वर्षअखेरच्या कामात, मग सुट्टीवर. नोंद मंजूर झाली २२ एप्रिलला. त्यानंतर खिडकीवरून निरोप आला : बिलाची तारीख एन्ट्रीच्या तारखेच्या आधीची चालणार नाही, २४ एप्रिलचं नवीन बिल द्या.

या मागणीचा मला आजही राग येतो. काम त्यांच्याच इंजिनिअरनं १२ मार्चला सही करून ताब्यात घेतलं होतं. महिनाभर नोंद लांबली ती त्यांच्याकडे. आणि त्याची भरपाई म्हणून कंत्राटदारानं आपला करदस्तऐवज बदलायचा!

२४ एप्रिलची तारीख टाकली असती तर काय झालं असतं ते बघा. ११ एप्रिलची मुदत संपलेली. म्हणून पुरवठ्याची तारीख १२ मार्च, कर मार्चचा, आणि तो भरायची शेवटची तारीख २० एप्रिल, जी बिल काढायच्या आधीच उलटून गेली होती. मार्चच्या जीएसटीआर-१ मध्ये २४ एप्रिलचं बिल पोर्टल घेतही नाही, कारण कागदाची तारीख त्या महिन्याच्या पुढची. म्हणजे बिल एप्रिलच्या विवरणपत्रातच दाखवावं लागणार, कर २० मेला भरला जाणार, आणि २१ एप्रिल ते २० मे या ३० दिवसांचं व्याज आपण होऊन भरावं लागणार. २७,००० वर १८ टक्के दरानं ३० दिवसांचे होतात सुमारे ४०० रुपये.

चारशे रुपयांसाठी एवढं कशाला, असं कंत्राटदारही म्हणाला. कारण असं की रक्कम एका बिलाची आहे आणि सवय सगळ्या बिलांची लागते. वीस लाखांच्या बिलाला, चार महिने लांबवलेल्या तारखेला हाच हिशेब लावून बघा. शिवाय या व्याजात एक खोच आहे जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. विवरणपत्रच उशिरा भरलं तर व्याज फक्त रोखीनं भरलेल्या करावर लागतं. खात्यात खरेदीवर दिलेल्या कराचं क्रेडिट शिल्लक असेल तर तेवढ्या भागावर लागत नाही. पण ही सवलत त्या महिन्याचा पुरवठा त्याच महिन्याच्या विवरणपत्रात दाखवला तरच मिळते. मार्चचा पुरवठा एप्रिलच्या विवरणपत्रात दाखवला की सवलत गेली. मग क्रेडिट लेजरमध्ये लाखभर पडून असले तरी पूर्ण करावर व्याज. कलम ५० चं परंतुक आणि नियम ८८बी एकत्र वाचले की हे स्पष्ट होतं. वर मार्च हा आर्थिक वर्षाचा शेवटचा महिना, त्यामुळे उलाढालीचे आकडे दोन वर्षांत विभागले जातात आणि वार्षिक विवरणपत्रात ते जुळवत बसावं लागतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. असं व्याज पोर्टल आपोआप काढून देईल या भरवशावर राहू नका. पोर्टलला बिलाची तारीख दिसते, काम कधी संपलं ते दिसत नाही. २४ एप्रिलचं बिल एप्रिलमध्ये दाखवलं तर पडद्यावर सगळं हिरवंगार. हे उघडकीला येतं ते ऑडिटमध्ये, अधिकाऱ्यानं बिलासोबत सर्व्हिस रिपोर्ट मागितला की. म्हणून रिपोर्टवरची सहीची तारीख आणि बिलाची तारीख यांत ३० दिवसांहून जास्त अंतर पडलेली बिलं दर महिन्याला आपणच शोधून काढायची. एक्सेलमध्ये दोन रकाने आणि एक वजाबाकी, एवढंच काम आहे. कामाची तारीख B2 मध्ये आणि बिलाची C2 मध्ये असेल तर :

```
=IF(C2-B2>30,"मुदत संपली","ठीक")
```

तर मागे येतो. कंपनीचं म्हणणं असं होतं की सर्व्हिस एन्ट्री झाल्याशिवाय सेवा 'पूर्ण' होत नाही, म्हणून ३० दिवस २२ एप्रिलपासून मोजा. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. वर्क ऑर्डरमध्ये 'चाचणी घेऊन स्वीकृती प्रमाणपत्र दिल्यावरच काम पूर्ण समजलं जाईल' असं कलम असेल आणि खरोखरच चाचणी बाकी असेल, तर प्रमाणपत्राच्या तारखेला वजन येतं. आमच्या ऑर्डरमध्ये असं काही नव्हतं. मशीन १२ मार्चपासून उत्पादनावर होतं, रिपोर्टवर 'काम समाधानकारक' असा शेरा आणि सही होती. सिस्टीममधली नोंद हा कंपनीचा अंतर्गत हिशेब आहे. त्यानं सेवा पुरवल्याची तारीख बदलत नाही. ऑर्डर घेतानाच हे कलम वाचून ठेवा, कारण पूर्ण होण्याची व्याख्या ऑर्डरमध्ये काय आहे यावर पुढचे सगळे दिवस मोजले जातात.

मग त्यांनी दुसरा मार्ग सुचवला : जुनं बिल रद्द करा, क्रेडिट नोट द्या, नवीन काढा. तेही मी नाकारलं. क्रेडिट नोट कलम ३४ खाली निघते, आणि तिची कारणं ठरलेली आहेत : रक्कम किंवा कर जास्त लागला, माल परत आला, सेवेत उणीव राहिली. समोरच्याला तारीख आवडली नाही हे त्यात बसत नाही. आणि नवीन बिल २४ तारखेचं म्हणजे मुदतीबाहेरचंच. मूळ दुखणं तिथेच राहतं.

शेवटी कोंडी फुटली ती खिडकी सोडून त्यांच्या फायनान्स विभागाशी लेखी बोलल्यावर. त्यांना वाटणाऱ्या तीन भीती एकेक करून काढाव्या लागल्या.

पहिली भीती, क्रेडिट बुडेल ही. ते बुडत नाही. एप्रिलचं बिल आम्ही ११ मेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये चढवणार, ते १४ मेला त्यांच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत दिसणार, आणि क्रेडिट घ्यायला त्यांना पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत आहे. बिल ९ चं असो की २४ चं, एप्रिलच्या २बी मध्येच येणार होतं. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली : बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं, आणि ते दिवस ९ एप्रिलपासून मोजले जातील. पंधरा दिवसांचा फरक, त्यांना तो मान्य होता.

दुसरी भीती, पैसे देण्याची मुदत आधीपासून सुरू होईल ही. तिच्यावर उपाय सोपा होता. देय तारीख ही दोघांमधली व्यापारी गोष्ट आहे. बिलावर काय काय असलंच पाहिजे ते नियम ४६ सांगतो. त्यात बिल काढल्याची तारीख आहे, देय तारखेचं नावही नाही. म्हणून आम्ही लिहून दिलं की ३० दिवस सर्व्हिस एन्ट्रीच्या तारखेपासून मोजा, आमची हरकत नाही. देय तारीख २२ मे झाली. कर त्यानं एका दिवसानंही हलला नाही. तो २० मेलाच भरायचा होता आणि तेव्हा पैसे हातात आले नव्हते. हे छोट्या कंत्राटदाराला बोचतं, पण कायदा उधारीकडे बघत नाही. कंत्राटदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर अशी सवलत देताना एवढं ध्यानात ठेवा की एमएसएमईडी कायद्यातली कमाल ४५ दिवसांची मर्यादा सेवा स्वीकारल्यापासून मोजली जाते. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर सेवा दिल्याचाच दिवस स्वीकृतीचा धरतात. तिथेही बिलाच्या तारखेला काही स्थान नाही.

तिसरी भीती सॉफ्टवेअरची होती, आणि गाडी खरं तर तिथेच अडली होती. 'सिस्टीम मागची तारीख घेत नाही' असं खिडकीवरचे लोक सांगत. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच बिलासाठी वेगवेगळ्या तारखांचे रकाने असतात. डॉक्युमेंट डेट म्हणजे बिलावर छापलेली, पोस्टिंग डेट म्हणजे त्यांच्या वहीत चढवल्याची, आणि बेसलाइन डेट म्हणजे उधारीचे दिवस जिथून मोजायचे ती. बंद झालेला महिना अडवतो तो पोस्टिंग डेटला. डॉक्युमेंट डेटमध्ये ९ एप्रिल टाकून पोस्टिंग २४ एप्रिलला करता येतं. मी पत्रात हे तीन रकाने नावानिशी लिहिले, कोणत्यात कोणती तारीख टाकायची तेही लिहिलं. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यानं ते वाचलं आणि मूळ बिल, मूळ तारखेसकट, त्याच आठवड्यात पास झालं. एवढं मोठं भांडण एका रकान्याचं होतं, हे कळल्यावर समाधान झालं आणि वैतागही आला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी हे करा : बिल मुदतीत काढून कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवाच, खिडकीवर घेतात की नाही याची वाट बघू नका. बिल 'निघालं' याचा पुरावा तो ईमेल आहे. छापील प्रतीवरचा आवक शिक्का कंपनीच्या सोयीचा असतो, त्याचा कराच्या महिन्याशी संबंध नाही. आणि कोणी उलटा सल्ला दिला, म्हणजे मुदत गेल्यावर मागची तारीख टाका, तर तोही ऐकू नका. बिलांचे क्रमांक ओळीनं असावे लागतात. ९ तारखेचं बिल २४ च्या क्रमांकावर बसलेलं कोणालाही दिसतं.

पैसे 'मिळाले' कधी याबद्दलही सांगायचं राहिलं. वहीत नोंद किंवा बँकेत जमा, यांत जे आधी ते धरायचं. ३१ मार्चला हातात आलेला आगाऊ रकमेचा चेक त्याच दिवशी वहीत चढवला आणि तो ३ एप्रिलला वटला, तरी कर मार्चचा.

मालाचं काम करणाऱ्यांना हे ३० दिवस लागू नाहीत. माल हलवायचा असेल तर बिल माल निघण्याच्या वेळी किंवा त्याआधी काढावं लागतं, आणि पुरवठ्याची तारीख म्हणजे बिलाची तारीख किंवा बिल काढायची शेवटची तारीख, यांत आधीची. ३१ मार्चला ट्रक निघाला आणि बिल २ एप्रिलचं काढलं, तरी कर मार्चचाच. मालावरच्या आगाऊ रकमेवर मात्र नोव्हेंबर २०१७ पासून आधी कर भरावा लागत नाही. सुटे भागही तुम्हीच पुरवत असाल तर काम सेवेत बसतं की मालात हे आधी ठरवा, मगच तारखा मोजा.

आता वार्षिक देखभालीचे करार. देय तारखेला कराच्या दृष्टीनं खरी किंमत आहे ती इथे. तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा करार आणि ठरावीक काळानं पैसे, अशी सेवा 'सलग' धरली जाते. करारावरून देय तारीख कळत असेल तर बिल त्या तारखेला किंवा आधी काढलंच पाहिजे. 'जानेवारी ते मार्च या तिमाहीचे पैसे ५ एप्रिलला देय' असं करारात असेल आणि बिल ५ एप्रिलला काढलं तर कर एप्रिलचा. ६ एप्रिलला काढलं तर मुदत चुकली आणि कर सेवा दिल्याच्या काळात, म्हणजे मागच्या महिन्यात ओढला जातो. उलट करारात 'तिमाहीच्या सुरुवातीला, ५ जानेवारीला देय' असं असेल तर बिल ५ जानेवारीपर्यंत निघायला हवं आणि कर जानेवारीचा, पैसे मार्चमध्ये आले तरी.

ही देय तारीख करारातली, बिलाच्या खाली छापलेली नव्हे. 'बिल मिळाल्यापासून ४५ दिवसांत' असं कलम कराराच्या मसुद्यात आलं तर मी ते बदलून मागतो, कारण त्यावरून देय तारीख आधीच कळते की नाही यावर वाद घालता येतो आणि तो वाद अधिकाऱ्यासमोर घालावा लागतो. 'प्रत्येक तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याच्या १० तारखेला देय' एवढं एक वाक्य लिहून घेतलं की पुरतं. कंपनीचा खरेदी विभाग त्याला सहसा नाही म्हणत नाही. बिल मात्र ८ तारखेलाच काढून ईमेल करा.